मैदानावरून : भिंत नंतर, चेंडू आधी



दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-इंदूरकडची पोरं गावी आली की फोपनारला संध्याकाळचा फुटबॉल रंगतो. यंदा शेवटच्या दिवशी गावची पोरं विरुद्ध पाहुणी पोरं असा सामना लावला. गावच्या संघाला महिनाभर मीच शिकवत होतो. १-१ अशी बरोबरी होती, पाच-सात मिनिटं उरली होती आणि आमच्या बॉक्सच्या जरा बाहेर पाहुण्यांना फ्री किक मिळाली. आमचा गोलकीपर, आठवीतला मुलगा, मी शिकवलं होतं तसाच डाव्या खांबाजवळ गेला. एक डोळा मिटून चेंडू आणि खांब एका रेषेत धरला आणि भिंतीतल्या पोरांना ओरडून सांगू लागला, "अजून डावीकडे, अजून!" तेवढ्यात समोरच्या मुलीने चेंडू अलगद उजव्या कोपऱ्यात घातला. गोलात कुणीच नव्हतं.

पोरांनी सगळा राग त्या गोलकीपरवर काढला. तो दुसऱ्या दिवशी मैदानावर आलाच नाही. मी त्याच्या घरी गेलो आणि सांगितलं, "बाळा, चूक माझी आहे. भिंत लावायचं काम मी चुकीच्या माणसाला दिलं होतं." त्याला ते पटावं म्हणून मोबाईलवर एक जुना सामना दाखवला. आजचं सदर त्याच सामन्यावर आहे.

३ मार्च २०२३. बेंगळुरूचं श्री कांतीरवा स्टेडियम, इंडियन सुपर लीगचा बाद फेरीचा सामना, बेंगळुरू एफसी विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. नव्वद मिनिटं ०-० गेली आणि जादा वेळ सुरू झाला. ९६व्या मिनिटाला बेंगळुरूला बॉक्सजवळ फ्री किक मिळाली. केरळचे खेळाडू भिंतीची जमवाजमव करत होते आणि गोलकीपर प्रभसुखन गिल भिंत नीट लावण्यात गुंतला होता. सुनील छेत्रीने कुणाची वाट न पाहता चेंडू रिकाम्या गोलात उचलून टाकला. पंचांनी गोल दिला. केरळचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी संघाला मैदानाबाहेर बोलावून घेतलं. संघ परत आला नाही, आणि सामना बेंगळुरूला मिळाला. पुढे भारतीय फुटबॉल महासंघाने केरळला चार कोटी रुपयांचा दंड केला आणि प्रशिक्षकांवर दहा सामन्यांची बंदी घातली.

"पण शिट्टी कुठे झाली?" हा प्रश्न तेव्हा सगळीकडे विचारला गेला, आमच्या गोलकीपरनेही विचारला. इथेच नियम नीट समजून घ्यायला हवा. फ्री किक घ्यायला दर वेळी शिट्टी लागत नाही. चेंडू जागेवर स्थिर असला की मारणारा लगेच मारू शकतो. मारणाऱ्या संघाने अंतर मागितलं, किंवा पंच कार्ड दाखवायला, बदली खेळाडू आत घ्यायला थांबले, तर ते शिट्टीकडे बोट दाखवून सांगतात की आता शिट्टीशिवाय मारायचं नाही. आपल्याला शिट्टी नको, भिंतही नको, असं पंचांना सांगितल्याचं छेत्रीने नंतर सांगितलं.

म्हणजे भिंत लावायला वेळ मागण्याचा हक्क बचाव करणाऱ्या संघाला नाहीच. तो वेळ समोरच्या संघाच्या मर्जीवर मिळतो. म्हणून फ्री किकचा बचाव भिंतीपासून सुरू होत नाही, चेंडूपासून सुरू होतो.

आता आम्ही मैदानावर काय बदललं ते सांगतो. पहिलं काम एकाच खेळाडूचं. फाऊल झाल्याबरोबर चेंडूच्या सगळ्यात जवळ असलेल्याने चेंडू आणि गोल यांच्या रेषेत यायचं आणि चेंडूकडे तोंड ठेवून मागे सरकत जायचं. पाठ फिरवायची नाही. मागे सरकताना समोरच्याने घाईने मारलं आणि चेंडू त्याने अडवला, तर पंच खेळ चालू ठेवू शकतात. पण चेंडूसमोर ठाण मांडून मारूच दिलं नाही, तर पिवळं कार्ड मिळतं. हा फरक पोरांना सांगावा लागतो, नाहीतर ती चेंडूला चिकटून उभी राहतात.

दुसरं काम भिंतीचं, आणि ते गोलकीपरकडून काढून घ्यायचं. आमच्या पोरांमधला पुढे खेळणारा एक जण चेंडूच्या मागे, गोलाकडे तोंड करून उभा राहतो. त्यानेही चेंडूपासून ९.१५ मीटर, म्हणजे मोठ्या माणसाची दहा पावलं, लांब राहायचं असतं. तिथून त्याला चेंडू, भिंतीचं टोक आणि जवळचा खांब एका रेषेत दिसतात. तो हात करून भिंत डावी-उजवी सरकवतो. गोलकीपर गोलातच राहतो, नजर चेंडूवर.

भिंतीत किती जण हवेत, हे पोरं आधी अंदाजाने ठरवायची. आम्ही एकदा दोरी घेऊन मोजलं. केळीचे घड बांधायच्या दोरीवर ९.१५ मीटरवर गाठ मारली आणि मोठ्या मापाचा गोल आखला, ७.३२ मीटर रुंद. चेंडू ठेवला गोलासमोर मध्यावर, वीस मीटरवर, म्हणजे बॉक्सच्या रेषेच्या साडेतीन मीटर बाहेर. चेंडूपासून दोन्ही खांबांपर्यंत दोऱ्या ताणल्या. चेंडूपासून ९.१५ मीटरवर, जिथे भिंत उभी राहते, तिथे त्या दोन दोऱ्यांमधलं अंतर निघालं साधारण ३.३५ मीटर. एका खेळाडूने साधारण अर्धा मीटर झाकला असं धरलं, तर सगळा गोल झाकायला सात जण लागतील. तेवढे दिले तर समोरच्यांची बाकी माणसं कोण धरणार? शिवाय गोलकीपरला चेंडू दिसणारच नाही.

म्हणून भिंतीने फक्त अर्धा गोल झाकायचा, उरलेला अर्धा गोलकीपरचा. अर्ध्याला १.७ मीटरच्या आसपास भिंत लागते, म्हणजे चार जण, आणि थोडी माया उरते. ती माया खांबाच्या रेषेच्या बाहेर ठेवायची, आतल्या बाजूला नाही. कारण चांगला मारणारा चेंडू भिंतीच्या बाहेरून काढून आत वळवतो. समोरचा पाय असा वळवण्यात तरबेज असेल, तर पाचवा माणूस द्यायचा आणि टोकाचा खेळाडू पूर्णपणे रेषेबाहेर उभा करायचा. टोकाला उंच पोरं, गोलाच्या मध्याकडे बुटकी. चेंडू बाजूला, बॉक्सच्या कडेला असेल, तर गोल आपोआप अरुंद दिसतो आणि दोघं-तिघं पुरतात. तिथे खरी भीती थेट गोलाची नसते, आत टाकलेल्या चेंडूची असते, म्हणून बाकीची पोरं माणसं धरायला मोकळी हवीत.

तिसरं काम गोलकीपरचं. त्याने मध्यापासून एक पाऊल उघड्या बाजूला सरकायचं आणि गोलरेषेच्या अर्धा-पाऊण मीटर पुढे उभं राहायचं. खूण एकच: चेंडू आणि मारणाऱ्याचा पाय दिसलाच पाहिजे. भिंतीचं शेवटचं डोकं चेंडूला झाकत असेल तर भिंतीला हलवायला सांगायचं, किंवा स्वतः आणखी अर्धं पाऊल सरकायचं. त्याहून जास्त सरकला, तर भिंतीवरून आलेल्या चेंडूला पोचणार नाही.

सगळ्यात जास्त गोल होतात ते एका चुकीमुळे: चेंडू मारायच्या आधीच गोलकीपर भिंतीच्या मागे पाऊल टाकतो. त्याला वाटतं चेंडू भिंतीवरूनच येणार. हिशेब करून बघा. ताशी नव्वद किलोमीटरने मारलेला चेंडू सेकंदाला पंचवीस मीटर जातो. वीस मीटर यायला त्याला सेकंदाहून कमी, सुमारे आठ दशांश सेकंद लागतात. त्यातला बराचसा वेळ बघण्यात आणि उडी घेण्यात जातो. एक पाऊल उलट दिशेला गेलं, तर ते परत घ्यायला वेळच नाही. आमच्या गोलकीपरला मी एवढंच सांगतो, की पाय उचलायचा तो चेंडू सुटल्यावर.

भिंतीने उडी मारायची की नाही, हा वाद आमच्याकडे रोजचा आहे. उडी मारली तर वरून जाणारा चेंडू अडतो, पण पायाखालून सपाट मारलेला गोलात जातो. यावर मोठ्या संघांनी काढलेला उपाय २०१८ साली बार्सिलोना विरुद्ध इंटर मिलान सामन्यात दिसला. इंटरचा मार्सेलो ब्रोझोविच भिंतीच्या मागे जमिनीवर आडवा झाला आणि लुईस सुआरेझने खालून मारलेला चेंडू त्याला लागून थांबला. आमच्याकडे खरखरीत मैदान असल्यामुळे आडवं पडायला कुणी तयार होत नाही. म्हणून आम्ही ठरवलं, की भिंतीतल्या मधल्या दोघांनीच उडी मारायची आणि टोकाच्यांनी पाय रोवून उभं राहायचं. खालून येणारा प्रत्येक चेंडू यात अडत नाही, पण फट लहान होते. आणि हात शरीराशी घट्ट. पसरलेल्या हाताला लागला तर पंच पुन्हा फ्री किक देतील, आणि भिंत बॉक्सच्या आत असेल तर थेट पेनल्टी.

आणखी एक नियम पोरांना माहीत नसतो. भिंतीत तीन किंवा जास्त खेळाडू असतील, तर समोरच्या संघाच्या खेळाडूंनी भिंतीपासून किमान एक मीटर लांब राहायचं असतं. २०१९ पासून हे आहे. त्यामुळे कुणी भिंतीत घुसून ढकलाढकली करत असेल, तर कप्तानाने पंचांना शांतपणे दाखवून द्यावं.

त्या मुलाला मी एकच काम दिलं. पुढच्या सरावात फ्री किक झाली की खांबाकडे जायचं नाही, गोलात थांबून फक्त चेंडूकडे बघायचं. पहिल्या चार वेळा त्याचे पाय सवयीने खांबाकडे वळले. पाचव्या वेळी समोरच्या मुलीने पुन्हा तोच उजव्या कोपऱ्यातला अलगद चेंडू टाकला. तो तिथेच उभा होता. चेंडू झेलला, छातीशी धरला आणि भिंत लावणाऱ्या पोराला ओरडला, "ए, तुझी भिंत अजून वाकडीच आहे!"

मकरसंक्रांतीला पाहुणी पोरं परत येणार आहेत. तोवर तुमच्या गल्लीत किंवा सोसायटीच्या मैदानावर दोरी घेऊन एवढं मोजून बघा: तुमच्या गोलाला वीस मीटरवरून अर्धी भिंत किती जणांची लागते? लहान गोलाला चार जण नक्कीच जास्त होतील. आकडा मला मंडळाच्या पत्त्यावर कळवा.