बँक बुडाली तर पाच लाख मिळतात, पण कुणाला आणि किती दिवसांनी?

१३ फेब्रुवारी २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाखांबाहेर रांगा लागल्या. खात्यातून एक रुपयाही काढता येत नव्हता. तिजोरीतली १२२ कोटींची रोकड गायब असल्याचा आरोप पुढे आला, संचालक मंडळ बरखास्त झालं. दोन आठवड्यांनी, २७ फेब्रुवारीपासून, प्रत्येक खातेदाराला २५ हजारांपर्यंत रक्कम काढू दिली गेली. रांगेतल्या लोकांच्या तोंडी एकच वाक्य होतं, "पाच लाखांपर्यंत तर मिळणारच ना?" मिळतात. पण हे पाच लाख कसे मोजतात, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे.

हा विमा डिपॉझिट इन्शुरन्स अँड क्रेडिट गॅरंटी कॉर्पोरेशन, म्हणजे डीआयसीजीसी, देते. ती रिझर्व्ह बँकेचीच संस्था आहे. हप्ता बँक भरते, खातेदाराच्या खिशातून काही जात नाही. १९९३ पासून मर्यादा १ लाख होती. पीएमसी बँकेच्या प्रकरणानंतर ४ फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख झाली. बचत, चालू, मुदत, रिकरिंग, सगळी खाती यात येतात. व्याज घ्यायचं नाही म्हणून ज्या घरांत पैसे चालू खात्यातच पडून असतात, त्यांनाही तेवढंच संरक्षण आहे. जे मुदत ठेव ठेवतात त्यांनी मात्र लक्षात घ्यावं की पाच लाखांत मुद्दल आणि तोवरचं व्याज दोन्ही धरलं जातं. बरोबर पाच लाखांची ठेव केली, तर वर चढलेलं व्याज विम्याच्या बाहेर राहतं.

आता मोजणी. मर्यादा खात्यामागे नाही आणि शाखेमागेही नाही. एका बँकेत एका माणसाची एकाच नात्याने असलेली सगळी रक्कम एकत्र केली जाते. समजा, मिरजेतल्या एका निवृत्त शिक्षकांची एकाच सहकारी बँकेत अशी खाती आहेत: बचत खात्यात १ लाख ४० हजार, व्याजासह मुदत ठेव ६ लाख ४० हजार, आणि त्यांच्या नावावरच्या छोट्या दुकानाचं चालू खातं, सांगलीच्या शाखेत, १ लाख २० हजार. दुकान एकट्याच्या मालकीचं असल्यामुळे ते वेगळं धरत नाहीत. बेरीज ९ लाख. विमा ५ लाखांचा, उघड्यावर राहिले ४ लाख. पत्नीसोबत संयुक्त खात्यात आणखी ३ लाख आहेत. ते वेगळं नातं मानलं जातं, म्हणून ते ३ लाख पूर्ण सुरक्षित. संयुक्त खात्यात नावांचा क्रम बदलला, पहिलं नाव पत्नीचं आणि दुसरं पतीचं, तर तेही वेगळं खातं धरलं जातं. नियम असा आहे, म्हणून त्यावरच सगळी गणितं बांधावीत असं नाही. बँक दुसरी असणं हाच सोपा आणि वादातीत उपाय आहे.

याच गुरुजींकडे मशिदीच्या ट्रस्टचा कारभारही असतो. ट्रस्टचं खातं त्यांच्या स्वतःच्या खात्यांत मिसळलं जात नाही, ही चांगली गोष्ट. पण ट्रस्टला मिळणारं कवच मात्र एका ठेवीदाराचंच, म्हणजे ५ लाखांचं. बांधकामासाठी चारशे घरांतून १८ लाख जमले असतील आणि सगळे एकाच बँकेत असतील, तर १३ लाखांना विमा नाही. चारशे देणगीदार म्हणून चारशे वेळा पाच लाख, असा हिशेब होत नाही. जमातीच्या बैठकीत बँक कोणती, यावर क्वचितच चर्चा होते. ओळखीचा मॅनेजर, जवळची शाखा, एवढ्यावर ठरतं.

पतसंस्थांचा मुद्दा वेगळा आणि जास्त महत्त्वाचा. आपल्याकडे बिनव्याजी पतसंस्था आणि सोसायट्या आहेत, काहींचं काम खरोखर चांगलं आहे. पण त्या बँका नाहीत. डीआयसीजीसीचा विमा त्यांना लागू नाही, एका रुपयाचाही नाही. नावात 'क्रेडिट सोसायटी' किंवा 'पतसंस्था' असेल तर तिथली हजसाठीची बचत किंवा मेहरची रक्कम फक्त त्या संस्थेच्या भरवशावर आहे. बँक विमा उतरवलेली आहे का, हे www.dicgc.org.in वरच्या यादीत पाहता येतं. सहकारी बँकांची नावं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे पासबुकवरचं पूर्ण नाव जुळवून पाहा.

दुसरी गोष्ट वेळेची. पीएमसीवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, पहिल्या दिवशी फक्त १ हजार रुपये काढता येत होते. तेव्हाच्या कायद्यात बँक पूर्ण बंद झाल्याशिवाय विम्याचे पैसे मिळत नसत. २०२१ ची दुरुस्ती आली तेव्हा चित्र बदललं: निर्बंध आल्यावर ४५ दिवसांत बँकेने ठेवीदारांची यादी द्यायची, पुढच्या ४५ दिवसांत पैसे पोचायचे. न्यू इंडियाच्या बाबतीत म्हणूनच १४ मे २०२५ ही तारीख आली. म्हणजे चांगल्यात चांगल्या परिस्थितीतही जवळपास तीन महिने पैसे अडकतात. घराचं भाडं, मुलांची फी, दवाखाना एकाच बँकेवर चालत असेल तर पाच लाखांच्या आत असूनही अडचण होणार. रोजच्या खर्चाचे दोन-तीन महिन्यांचे पैसे दुसऱ्या बँकेत हवेत ते यासाठी.

पैसे आपोआपही येत नाहीत. संमतीचा अर्ज भरायचा, ओळखपत्रं द्यायची आणि दुसऱ्या बँकेतलं खातं कळवायचं असतं. इथे आपल्या घरांत नेहमी घोळ होतो: पासबुकात शेख, आधारवर शैख, पॅनवर मोहम्मदचं 'मो.' झालेलं. बँक चालू असताना हे एका अर्जात दुरुस्त होतं. निर्बंध आल्यावर त्याच टेबलासमोर हजार माणसं उभी असतात.

ताळेबंद वाचून धोका आधी ओळखता येईल का? थोडाफार. पण पीएमसीने एचडीआयएल या बिल्डर समूहाला दिलेली कर्जं २१ हजारांहून जास्त बनावट खात्यांमागे लपवली होती. एकूण कर्जापैकी सुमारे ७३ टक्के तिकडेच गेलं होतं. कागदावर बँक ठीक दिसत होती. सामान्य ठेवीदाराने हे पकडावं ही अपेक्षाच चूक. त्याच्या हातात एवढंच आहे की एका ठिकाणी किती ठेवायचं.

गुरुजींच्या ९ लाखांचं काय करायचं? सहकारी बँकेत एकट्याच्या नावावर साडेचार लाखांच्या आसपास ठेवायचे, व्याजाला जागा राहील. उरलेले साडेचार लाख एका मोठ्या सरकारी किंवा खासगी बँकेत. बस्स, दोन बँका पुरतात. पाच-सहा बँकांत तुकडे करणाऱ्यांची खाती दोन वर्षं व्यवहार नसला की निष्क्रिय होतात, आणि वारसांना कुठे काय आहे ते कळत नाही. ठेवीची मुदत संपण्याआधी मोडली तर दंड लागू शकतो, म्हणून ती पिकण्याच्या तारखेलाच हलवावी. ट्रस्टचे १८ लाख मात्र चार बँकांत वाटल्याशिवाय पूर्ण विम्यात बसणार नाहीत. नाहीतर बांधकामाचे हप्ते देत जाऊन शिल्लकच कमी ठेवावी.

एक गोष्ट सहसा सुटते. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यू इंडिया बँक सारस्वत बँकेत विलीन झाली, आणि पाच लाखांवरच्या ठेवीदारांचाही जीव भांड्यात पडला. पीएमसीचे मोठे ठेवीदार इतके नशीबवान नव्हते. युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाल्यावर त्यांची उरलेली रक्कम दहा वर्षांपर्यंतच्या हप्त्यांत बांधली गेली. पण ज्यांनी शहाणपणाने न्यू इंडियात ४ लाख आणि सारस्वतमध्ये ४ लाख ठेवले होते, त्यांचे आता एकाच बँकेत ८ लाख झाले. तुमच्या दोन बँकांपैकी एक दुसरीत गेल्याची बातमी आली, तर त्याच आठवड्यात बेरीज पुन्हा करून पाहा.