गायरानाचा ताळेबंद

एखाद्या गावाचे सामाईक कुरण आहे, दहा कुटुंबे आहेत आणि प्रत्येकाच्या दहा गायी तेथे चरतात, असे मानावे. शंभर गायींना चारा पुरतो व प्रत्येक गाय रोज ५ लिटर दूध देते. कुरणावर एक गाय वाढली की सर्वांचाच चारा थोडा घटतो आणि प्रत्येक गायीचे दूध ५० मिलिलिटरने कमी होते.

एका कुटुंबाने अकरावी गाय आणली. आता प्रत्येक गाय ४.९५ लिटर दूध देते. त्या कुटुंबाचे दूध ५० लिटरवरून जवळजवळ साडेचौपन्न लिटरवर गेले. उरलेल्या नऊ घरांचे प्रत्येकी अर्धा लिटर बुडाले. गावाचे एकूण दूध वाढले नाही, किंचित घटलेच. नफा एका घराच्या खाती जमा झाला आणि तोटा नऊ घरांच्या नावे पडला.

हे पाहून इतरांनीही एकेक गाय आणली. ११० गायी झाल्या, तेव्हा प्रत्येक घराला साडेएकोणपन्नास लिटर दूध मिळू लागले. गाय वाढली आणि दूध घटले. एवढ्यावर एखाद्या समंजस गृहस्थाने आपली वाढीव गाय विकली, तर त्याच्या घरी साडेपंचेचाळीस लिटरच उरते. उलट बारावी गाय आणणाऱ्यास त्रेपन्न लिटरांहून अधिक मिळते. संयमाला तोटा आणि हव्यासाला नफा, अशी ही मांडणी असल्यामुळे एकट्याच्या सद्‌वर्तनाने कुरण वाचत नाही.

हे कोडे विल्यम फॉर्स्टर लॉईड यांनी १८३३ मध्ये मांडले. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन यांच्या लेखाने ते जगभर पोहोचवले. कुरण खासगी मालकीचे करावे किंवा सरकारी नियंत्रणाखाली आणावे, एवढेच उपाय आहेत असा समज त्यातून रूढ झाला.

परंतु स्वित्झर्लंडमधील ट्योर्बेल या डोंगराळ गावाने तिसरी वाट कधीच शोधली होती. हिवाळ्यात स्वतःच्या गवतावर जितक्या गायी पोसता येतील, तितक्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर पाठवाव्यात, असा नियम तेथील गावकऱ्यांनी १५१७ मध्ये केला. गवताची कुरणे खासगी होती. म्हणून विकत घेतलेल्या गायी केवळ उन्हाळ्यापुरत्या चारून कोणी लाभ उठवू शकत नसे. गायी डोंगरावर जाताना मोजल्या जात. मर्यादा ओलांडणाऱ्यास दंड होई आणि तो वसूल करणाऱ्या गावच्या अधिकाऱ्यास त्यातील निम्मी रक्कम मिळे; त्यामुळे देखरेखीत कसूर होत नसे. बाहेरच्याने गावात जमीन विकत घेतली, तरी त्याला कुरणावर हक्क मिळत नसे.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी ट्योर्बेलसारख्या अनेक गावांचे दाखले देऊन सामाईक संपत्तीचा अभ्यास मांडला आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे हार्डिन यांनीही मान्य केले की शोकांतिका घडते ती व्यवस्था नसलेल्या कुरणाची.

मात्र ट्योर्बेलचा नियम समुद्राला जसाच्या तसा लागू पडत नाही. गायी मोजता येतात, माणसे एकमेकांना ओळखतात, सीमा ठरलेली असते. पाण्याखालचे मासे मोजता येत नाहीत आणि दूरच्या बंदरातून आलेल्या जहाजाला कोणी ओळखत नाही. जेथे मोजणीच होत नाही, तेथे अकरावी गाय कोणाची हे विचारणार कोण?