परसबाग : देखणा किडा आणि कुरूप अळी

अकोल्याहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. सोबत मुलाकडून मोबाईलवर काढून घेतलेले तीन फोटो आहेत. त्यांच्या घरामागच्या अरुंद जागेत तेलाच्या रिकाम्या डब्यांत वांग्याची चार रोपे आहेत आणि कुंपणाच्या तारेवर दोरी बांधून चवळीचा वेल चढवलेला आहे. ताई लिहितात, “चवळीच्या शेंड्यावर काळी, काटेरी, मगरीसारखी अळी फिरते आहे. वांग्याच्या पानांवर लाल ठिपक्यांचा सुंदर किडा बसतो. तो किडा चांगला असतो, असे मुलाच्या पुस्तकात आहे, म्हणून त्याला हात लावला नाही. अळी मात्र फार भयंकर दिसते. दिराकडून कपाशीवर मारायच्या औषधाची उरलेली अर्धी बाटली आणली आहे. ती चवळीवर मारू का? रविवारच्या आत कळवावे.”

ताई, सर्वप्रथम ती बाटली बाजूला ठेवा. आपल्या फोटोंत उलटे घडले आहे. ज्या अळीला मारायला आपण निघालात, ती आपल्या चवळीची राखणदार आहे. ज्या किड्याला आपण अभय दिलेत, तो आपली वांगी खातो आहे. हे कशावरून म्हणतो, ते एकेक फोटो घेऊन पाहू. म्हणजे पुढच्या वेळी इतर वाचकांनाही घरच्या घरी ओळख पटेल.

पहिला फोटो चवळीच्या शेंड्याचा आहे. अळी लांबट आहे, दोन्ही टोकांना निमुळती. रंग राखाडी-काळा, त्यावर पिवळसर पांढरे डाग. पुढच्या भागाला सहा लांब पाय स्पष्ट दिसतात. भाजीतली नेहमीची अळी पोटावर सरपटते, ही मात्र पायांवर भराभर धावते. आता अळीवरून नजर काढून तिच्या आजूबाजूला पाहा. शेंड्यावर आणि कोवळ्या शेंगेवर काळ्या मोहरीसारखे दाणे चिकटलेले दिसतात. हा मावा. चवळीवर हा काळा मावा हमखास येतो. तो सोंड खुपसून रस पितो, त्यामुळे शेंडा वाकडा होतो आणि शेंगा खुरटतात. अळी बरोबर या माव्याच्या घोळक्यात आहे आणि फोटोत तिच्या तोंडाशी एक मावा धरलेला आहे. ज्या पानावर ती उभी आहे त्याला एकही भोक नाही, एकही ओरखडा नाही. म्हणजे तिचे अन्न पान नव्हे, मावा आहे.

ही ढालकिड्याची अळी. यालाच लेडीबर्ड किंवा चित्रांग भुंगेरा म्हणतात. हा छोटा गोल किडा बहुतेकांना ठाऊक असतो, पण त्याचे बालपण असे असते हे पुष्कळांना माहीत नसते. फुलपाखराचे पिल्लू जसे सुरवंट, तसे या किड्याचे पिल्लू ही अळी. आपल्याकडे चवळीवर सर्रास दिसणाऱ्या जातीचा मोठा किडा तुरीच्या डाळीएवढा, पिवळसर-नारिंगी, चकचकीत असतो. त्याच्या पाठीवर ठिपके नसून काळ्या वाकड्यातिकड्या रेघा असतात. अळी दोन-तीन दिवसांत अंड्यातून निघते, साधारण आठ-दहा दिवस मावा खात वाढते आणि त्या अवधीत काही शे मावे फस्त करते. नंतर ती पानाला शेपटीकडून चिकटते, आखडते आणि तीन-चार दिवस नारिंगी-काळ्या गाठीसारखी निश्चल राहते. पुष्कळांना ती गाठ म्हणजे पानावरचा रोग वाटतो आणि ते पान खुडून टाकतात. तसे करू नये. त्या गाठीतूनच नवा ढालकिडा बाहेर पडतो.

दुसरा फोटो वांग्याचा. किडा गोल, तांबूस रंगाचा आणि चवळीवरच्या ढालकिड्याहून चांगला मोठा आहे. पाठीवर बारीक काळे ठिपके पुष्कळ आहेत. फोटो मोठा करून मोजले तर दोन्ही पंखांवर मिळून अठ्ठावीस भरतात. काही किड्यांवर बाराच असतात. ठिपके मोजता आले नाहीत तरी चकाकी पाहा. मित्र ढालकिड्याची पाठ तेल लावल्यासारखी चकचकीत असते. याच्या पाठीवर बारीक लव असते, म्हणून तो मळकट, धूळ बसल्यासारखा दिसतो. हा हड्डा भुंगा, इंग्रजी पुस्तकातला एपिलॅक्ना. हा ढालकिड्यांच्याच कुळातला आहे, पण त्या कुळातल्या थोड्या शाकाहारी जातींपैकी. मुलाच्या पुस्तकात लिहिले आहे ते खोटे नाही. ते कुळाबद्दल आहे, या किड्याबद्दल नाही.

तिसरा फोटो सर्वांत उपयोगी आहे, कारण त्यात किडाच नाही, फक्त वांग्याचे पान आहे. पानाचा हिरवा भाग खरवडून नेला आहे आणि बारीक शिरांची जाळी राहिली आहे. काही ठिकाणी शिडीच्या पायऱ्यांसारखे ओरखडे आहेत. ही हड्डा भुंग्याची सही आहे. किडा आणि त्याची अळी दोघेही अशाच पद्धतीने पान खातात. ताई, आपण पान उलटून पाहिलेत तर खालच्या बाजूला त्याची अळी सापडेल. ती पिवळी, जाडसर आणि सुस्त असते. अंगभर फांद्या फुटल्यासारखे काटे असतात. बोटाने ढोसले तरी ती फारशी हलत नाही. म्हणजे दोन अळ्यांतला फरक असा की काळी, सडसडीत, धावणारी ती मित्र, आणि पिवळी, काटेरी, एका जागी पान खरवडणारी ती शत्रू.

अंड्यांच्या बाबतीत मात्र फसगत होते. दोघांचीही अंडी पिवळी, लांबट आणि पानाच्या पाठीवर उभी, पुंजक्याने घातलेली असतात. नुसत्या अंड्यांचा फोटो पाहून छातीठोकपणे सांगता येत नाही. अशा वेळी आजूबाजूला काय आहे ते पाहावे. माव्याच्या शेजारी अंडी असतील तर ती मित्राची असण्याचा संभव जास्त. वांग्याच्या पानावर मावा नाही, जाळी मात्र आहे, तर ती हड्ड्याची. तरीही शंका राहिली तर ते पान खुडून काचेच्या बरणीत ठेवा आणि तोंडाला फडके बांधा. चार-पाच दिवसांत अळ्या निघाल्या की उत्तर मिळते.

आता उपाय. वांग्याची रोपे चारच आहेत, तेव्हा औषधाची गरज नाही. सकाळी लवकर, किडे गारठलेले असताना, एका भांड्यात साबणाचे पाणी घेऊन पानाखाली धरावे आणि पान हलवावे. हड्डा भुंगा धोका जाणवला की पाय आखडून खाली पडतो, तो थेट भांड्यात येतो. अळ्या आणि अंड्यांचे पुंजके हाताने चिरडावेत. आठवडाभर रोज दहा मिनिटे एवढे केले की चार रोपे सावरतात. किडे फारच झाले असतील तर ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, फडक्याने गाळावी, चिमूटभर साबण घालावा आणि संध्याकाळी वांग्याच्या पानांच्या दोन्ही बाजूंनी शिंपडावी. हा अर्क ताजाच वापरावा आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा करावा. चवळीवर मात्र शिंपडू नये, कारण त्याने मित्र अळ्यांनाही इजा होते.

चवळीवर काम करायचे ते मुंग्यांचे. आपल्या पहिल्या फोटोत दोरीवरून मुंग्या चढताना दिसतात. मावा गोड चिकट पाणी सोडतो, ते मुंग्या पितात आणि त्या बदल्यात ढालकिड्याला व त्याच्या अळीला हुसकावून लावतात. म्हणून डब्याच्या बाहेरच्या बाजूला मधोमध आणि वर जाणाऱ्या दोरीला, तारेला व्हॅसलीनचा जाड पट्टा लावा. वेलाच्या देठाला लावू नका. वेलाचे पान भिंतीला टेकलेले नाही ना, तेही पाहा, नाहीतर मुंग्यांना दुसरी वाट मिळते. मग एका शेंड्याला खुणेचा दोरा बांधा आणि रोज सकाळी तेवढाच शेंडा पाहा. पाच दिवसांत मावा कमी होताना दिसला तर काही करू नका. वाढतच असेल तर ज्या शेंड्यावर अळी नाही, तेवढा पाण्याच्या धारेने धुऊन काढा.

राखणदार मावा पूर्ण संपवणार नाही, हेही लक्षात ठेवा. थोडा मावा राहिला तरच ती टिकते. अन्न संपले तर ती दुसरीकडे जाते किंवा आपल्याच भावंडांना खाते. आणि वेलाची पाने पिवळी-हिरवी चट्ट्यांची होऊन आक्रसली असतील, तर तो माव्याने किंवा पांढऱ्या माशीने आणलेला रोग असू शकतो. त्यावर ढालकिड्याचा काही इलाज चालत नाही. तो वेल उपटून टाकावा.

राहिली ती बाटली. कपाशीचे औषध भाजीसाठी नसते. किती दिवसांनी भाजी तोडावी याचा हिशेब लेबलवर त्या-त्या पिकापुरता दिलेला असतो, आणि आपली चवळी तर दोन दिवसांआड पातेल्यात जाते. लेबलवर लाल त्रिकोण असेल तर ते अत्यंत विषारी औषध समजावे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती मोकळ्या रानातली गोष्ट होती. आपल्या डब्यांपासून चूल चार हातांवर आहे. शिवाय फवारणीने कामही होत नाही. मावा जोडीदाराविना जिवंत पिल्ले घालतो आणि ते पिल्लू आठवडाभरात स्वतः प्रसवू लागते. ढालकिड्याला अंड्यापासून मोठे व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. एकदा दोघेही मेले की आधी परत येतो तो मावा, आणि त्या वेळी राखणदार नसतो. तेव्हा बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी बंद ठेवावी आणि दिरांना परत द्यावी. मोरीत ओतू नये.

फोटो पाठवणाऱ्या सर्व वाचकांना एक विनंती. किड्याचा फोटो काढताना तो ज्या पानावर आहे त्या पानाची वरची आणि खालची अशा दोन्ही बाजू दाखवाव्यात, आणि पीक कोणते ते लिहावे. किड्याचे रूप फसवते. त्याने पानावर काय केले आहे, ते फसवत नाही.