शून्य व्याजदर मर्यादा आणि अमेरिकेचे चलनविषयक धोरण (२००८–२०१५)

शून्य व्याजदर मर्यादा म्हणजे अशी स्थिती, जिच्यात मध्यवर्ती बँकेला धोरणात्मक व्याजदर आणखी कमी करता येत नाही. रोख रकमेवर तोटा होत नसल्याने, ठेवींवरील व्याज शून्याच्या बरेच खाली गेल्यास ठेवीदार पैसे काढून रोख बाळगणे पसंत करतात. अमेरिकेची मध्यवर्ती बँक फेडरल रिझर्व्ह डिसेंबर २००८ मध्ये या मर्यादेला पोहोचली. त्या वेळी तिने आपला दर ० ते ०.२५ टक्क्यांवर आणला.

रोखेखरेदी

अल्पमुदतीचा दर संपला, तरी घरकर्ज व उद्योगांची कर्जे ज्यांवर अवलंबून असतात ते दीर्घमुदतीचे दर शून्याच्या वरच होते. ते खाली आणण्यासाठी फेडने सरकारी व गृहकर्जाधारित रोखे विकत घेतले आणि त्यांची किंमत बँकांच्या राखीव खात्यांत जमा केली. या उपायाला संख्यात्मक सुलभीकरण म्हणतात. दरवर्षी ४ डॉलर व्याज देणाऱ्या, १०० डॉलर दर्शनी किमतीच्या दहा वर्षांच्या रोख्याची किंमत मागणी वाढून सुमारे १०८.५ डॉलर झाली, तर त्यावरील परतावा ४ वरून ३ टक्क्यांवर येतो. २०१३ मध्ये ही खरेदी दरमहा ८,५०० कोटी डॉलर इतकी होती.

भावी धोरणाची ग्वाही

दीर्घमुदतीचा दर बऱ्याच अंशी पुढील वर्षांतील अपेक्षित अल्पमुदतीच्या दरांवर ठरतो. म्हणून ऑगस्ट २०११ मध्ये फेडने किमान २०१३ च्या मध्यापर्यंत दर अत्यंत कमी राहण्याची शक्यता जाहीर केली. तारखेचा दोष असा, की ती आश्वासन म्हणून वाचता येते, तशीच मंदी लांबण्याचे भाकीत म्हणूनही. डिसेंबर २०१२ मध्ये तारखेऐवजी अटी आल्या: बेरोजगारी ६.५ टक्क्यांहून अधिक आणि चलनवाढीचा अंदाज २.५ टक्क्यांच्या आत असेपर्यंत दरवाढ होणार नव्हती.

२०१३ मधील पेच

२२ मे २०१३ रोजी अध्यक्ष बेन बर्नान्की यांनी पुढील काही बैठकांत खरेदीचा वेग कमी होऊ शकतो, असे सांगितले. खरेदी सुरूच होती आणि दरही शून्यालगत होता. तरीही बाजाराने हे दरवाढ जवळ आल्याचे चिन्ह मानले. दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांवरील परतावा सुमारे २ टक्क्यांवरून सप्टेंबरपर्यंत ३ टक्क्यांच्या आसपास गेला. उदयोन्मुख देशांतून भांडवल बाहेर जाऊ लागले. भारतात मे महिन्यात डॉलरला सुमारे ५५ असलेला रुपया ऑगस्टअखेर ६८ च्या पलीकडे घसरला. त्याला सावरण्यासाठी रिझर्व्ह बँकेने जुलैमध्येच सीमांत स्थायी सुविधेचा दर ८.२५ वरून १०.२५ टक्के केला होता.

फेडने खरेदीत कपात डिसेंबर २०१३ मध्ये जाहीर केली, ऑक्टोबर २०१४ मध्ये ती थांबवली आणि पहिली दरवाढ डिसेंबर २०१५ मध्ये केली. बाजाराची भीती अशा प्रकारे अकाली ठरली. परंतु त्यामुळे या साधनांची मर्यादा स्पष्ट झाली: शून्यालगत धोरणाचा परिणाम मुख्यतः अपेक्षांमधून घडतो, त्यामुळे दर न बदलताही कर्ज महाग होऊ शकते.