डबे सुरू कर, असं तिला सांगण्याआधी



आपल्यात एखादीचा नवरा गेला किंवा ती लेकरू घेऊन एकटी राहू लागली, की चौदाव्या दिवसापासून तिला एक सल्ला मिळायला लागतो. "तुझ्या हाताला चव आहे, घरबसल्या डबे सुरू कर." मलाही चार जणींनी हेच सांगितलं होतं. सांगणाऱ्यांच्या मनात माया होती, यात शंका नाही. पण वर्षभर डबे करून पाहिल्यावर मी आता उलटं सांगते. जिच्या घरात दुसरं मोठं माणूस नाही आणि मूल शाळेत जातं, तिच्यासाठी डबा हा सगळ्यात अडचणीचा धंदा आहे.

माझी लेक तिसरीत आहे. शाळा सोमवार ते शुक्रवार साडेदहा ते पाच, शनिवारी सकाळची. मार्च-एप्रिलात ऊन तापलं की रोजचीच सकाळची होते आणि ती दुपारच्या आत घरी. सासूबाई थोरल्या दिरांकडे जिंतूरला, माझं माहेर वसमतला. म्हणजे चुडाव्यात तिला सोडणारी मीच आणि आणणारीही मीच. त्यात आपलं सूर्यास्ताच्या आत जेवण. थंडीत सहाच्या आधीच दिवस मावळतो, म्हणजे ती पाचला आल्यापासून तास-पाऊण तासात ताट वाढून व्हायला हवं. संध्याकाळचा तो वेळ कुठल्याही कामाला देता येत नाही, हे मी आधीच सोडून दिलं.

नांदेडला एका कापडदुकानात नोकरी मिळत होती. गाडीनं जाता आलं असतं. पण दुकानात गिऱ्हाईक येतं तेच संध्याकाळी, आणि मालकाला बाई हवी असते तीही त्याच वेळी. पाचला शाळेच्या फाटकाशी कोण उभं राहणार? तो विषय तिथंच संपला.

मग डबे. पूर्णेला नोकरीनिमित्त राहणारे काही जण आणि आपल्यातली दोन-तीन घरं, असे आठ डबे झाले. कांदा, लसूण, बटाटा नाही, पाणी गाळून उकळलेलं, असं जेवण हवं असणारे शोधत येतात, त्यामुळे डबे मिळायला वेळ लागला नाही. एका डब्याचे महिन्याला २,४००. आठांचे १९,२००. शिधा, भाजी, गॅस मिळून ११,५०० जायचे आणि हातात ७,७०० राहायचे. कागदावर हे फार छान दिसतं.

अडचण वेळेची होती. डबे साडेनऊला भरून व्हायचे, दहाच्या आत त्या रिक्षावाल्या दादांच्या हाती पडायचे, आणि नेमकं त्याच अर्ध्या तासात लेकीची वेणी, तिचा डबा आणि शाळा. तरी ते जमत होतं. ऑगस्टात ती तापली तेव्हा मात्र जमलं नाही.

चार दिवस ताप होता. पहिल्या दिवशी मी तिला कुशीत घेऊन पोळ्या केल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे १०३ ताप, कपाळावर पट्ट्या ठेवू की कणीक मळू? सगळ्यांना निरोप दिला, डबा येणार नाही. असे एकूण चार दिवस गेले, कारण पहिल्या दिवसाचे डबेही दादांची रिक्षा निघून गेल्यावर तयार झाले होते.

आता हिशेब बघा. २६ दिवसांचा महिना धरला तर एका डब्याचे दिवसाला ९२ रुपये. आठ डबे, चार दिवस, म्हणजे जवळपास २,९५० कापले गेले. तीन दिवसांचा शिधा न लागल्यानं साधारण १,३५० वाचले. म्हणजे त्या तापानं माझे १,६०० रुपये नेले. एवढ्यानं कुणी बुडत नाही. पण त्या चार दिवसांत तिघांनी दुसरीकडे डबा लावला आणि ते परत आले नाहीत. तीन डबे गेले म्हणजे महिन्याचे ७,२०० गेले, त्यातला खर्च ४,३०० वजा केला तरी २,९०० कमी. हे दर महिन्याला. ७,७०० चे ४,८०० झाले ते त्या तिघांमुळे.

त्या तिघांतली दोन घरं आपल्याच समाजातली होती. रागावून नाही सांगत. त्यांनाही जेवायचं होतंच. पण डबा सुरू कर असं तिला सांगणारे आपणच आणि तिचं लेकरू आजारी पडलं की दुसरीकडे जाणारेही आपणच, हे एकदा बोलून टाकावं असं वाटलं.

लहान मुलाला वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी-ताप होणं डॉक्टरही नेहमीचंच मानतात. कांजिण्या आल्या तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, म्हणजे आठवडाभर तरी शाळा नाही. तेव्हा आजारपण हा अपवाद धरून धंदा मांडायचाच नाही. वर्षाचे पंधरा-वीस दिवस जाणार, हे पहिल्या ओळीत लिहायचं. मग कुठलंही काम समोर आलं की मी दोनच गोष्टी विचारते. आज केलं नाही तर उद्या चालेल का? आणि माझ्या आणि गिऱ्हाइकाच्या मध्ये कुणी आहे का?

दुसरा प्रश्न मला लिज्जत पापडाच्या गोष्टीवरून सुचला. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले आणि पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. पण त्यांची रोजची पद्धत नीट बघा. पीठ केंद्रावर मळलं जातं. बाई सकाळी जाते, काल लाटून वाळवलेले पापड देते, मजुरी घेते, आजचं पीठ घेऊन घरी येते. लाटणं दिवसभरात केव्हाही, मध्येच उठून मुलाला आणलं तरी बिघडत नाही. मूल आजारी असेल तर त्या दिवशी पीठ घ्यायचं नाही. त्या दिवसाची मजुरी बुडते, पण गिऱ्हाईक तुटत नाही, कारण गिऱ्हाईक सांभाळायला संस्था उभी आहे. बाईला दर किलोमागं मिळतं ते पाकिटाच्या किमतीपेक्षा पुष्कळ कमी, पण त्या फरकात तिचे तापाचे दिवस भरलेले असतात. (पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून त्यांचंही काम काही महिने बंद होतं. पुढच्या वर्षी खाट आणली, वर पापड, खाली शेगडी. आपल्या आज्या असंच करायच्या.)

ती व्यवस्था शहरातली. मी तिचा हिशेब तेवढा उचलला आणि साडीच्या फॉल-पिकोकडे वळले.

गावातल्या बायका थेट साडी देतात तेव्हा एका साडीचे १०० मिळतात. फॉल आणि दोरा जाऊन ७५ उरतात. पण थेट आलेल्या साडीला उद्याचं लग्न असतं. म्हणून मी बहुतेक काम पूर्णेच्या एका दुकानदार भाऊंकडून घेते. सोमवारी गठ्ठा आणायचा, पुढच्या सोमवारी द्यायचा. फॉल-दोरा त्यांचा, मजुरी ५५. साडीमागं २० रुपये कमी मिळतात. जाऊबाई म्हणाल्या, "लुटतो तो तुला." मला तसं वाटत नाही. माझी लेक तापली हे त्या साडीवालीला कधी कळतच नाही, त्याचे ते २० रुपये.

यातही युक्ती एकच आहे. आठवड्यात माझ्या हातून २५ साड्या होतात, पण मी २० च आणते. पाच दिवसांचं काम सात दिवसांसाठी घ्यायचं. मागच्या महिन्यात दोन दिवस तिला उलट्या होत होत्या, तरी सोमवारी गठ्ठा पुरा गेला. पिकोचं मशीन मी ती शाळेत असतानाच चालवते, कारण त्याच्या आवाजानं झोपलेलं मूल उठतं. फॉल मात्र हातानं, तिच्या उशाशी बसून. मला एका साडीला पाऊण तास लागतो, आणि सुई टोचून ठेवून केव्हाही उठता येतं. पोळी तव्यावर टाकून तसं उठता येत नाही.

नव्यानं करणाऱ्या बहिणींना दोन गोष्टी सांगते. फॉल आधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच लावा. कोरा लावला तर पहिल्याच धुण्यात आकसतो आणि काठाला चुण्या पडतात. साडी परत येते ती तेव्हाच. आणि वरच्या कडेचा टाका साडीचा एकच धागा उचलणारा हवा. साडी उलटून उजेडात धरा, सुलट बाजूनं टाक्यांची ओळ दिसली तर उसवा.

महिन्याला ऐंशीएक साड्या म्हणजे ४,४००. डब्यांच्या उतरलेल्या आकड्यापेक्षाही हे कमीच आहे, हे लपवत नाही. वरची भर खाकऱ्यानं निघते, पण तो थंडीतच. नीट भाजून डब्यात घट्ट ठेवला तर काही आठवडे टिकतो, म्हणजे बऱ्या दिवसात केलेला माल वाईट दिवसात विकता येतो. मोडला की कट् आवाज यायला हवा. वाकला तर मध्ये ओल राहिली आहे, पुन्हा मंद तव्यावर दट्ट्यानं दाबून भाजा. चातुर्मासात मात्र खाकऱ्यावर विसंबू नका. मर्यादा पाळणारी घरं पिठाचे थंडीत सात, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीनच दिवस धरतात. साठवून ठेवलेला माल त्यांना चालत नाही, हवेत तो मऊही पडतो. दशलक्षण पर्वाच्या आसपास मागणी सगळ्यात जास्त आणि मुलांना तापही नेमका तेव्हाच. ती ऑर्डर मी घेतच नाही, वाईट वाटलं तरी.

शाळेची वेळही कायमची धरू नका. पुण्यातल्या माझ्या मावसबहिणीनं मुलाची सकाळी सातची शाळा धरून आठची नोकरी घेतली होती. मग ८ फेब्रुवारी २०२४ चा शासन निर्णय आला, चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवायचे नाहीत. मुलांच्या झोपेसाठी ते चांगलंच झालं, पण तिचं सगळं वेळापत्रक कोलमडलं.

आणि तरीही कुणाला डबेच करायचे असतील तर एकटीनं करू नका. दोघींनी मिळून घ्या, आठ-आठ डबे, दोघींची भाजी ठरलेली एकच. एकीच्या घरी ताप आला तर दुसरीनं त्या दिवशी सोळा करायचे आणि त्या दिवसाचे पैसे तिचे. महिन्याचा दर सांगतानाच २६ नव्हे, २४ दिवसांचा सांगा, दोन दिवस सुट्टीचे आधीच त्यात. गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी सांगितलेली सुट्टी चालते. पहाटे फोन करून सांगितलेली चालत नाही.

मंदिरात गेल्या रविवारी एक वहिनी भेटल्या, नुकत्याच एकट्या पडलेल्या, मुलगा बालवाडीत. त्या डब्यांसाठी मोठी पातेली घ्यायला परभणीला निघाल्या होत्या. मी म्हटलं, "वहिनी, पातेली पुढच्या महिन्यात घ्या. आधी या सोमवारी माझ्याबरोबर पूर्णेला चला." उद्या सोमवार. लेकीला शाळेत सोडून आम्ही दोघी निघतोय.