आभाळातला साक्षीदार नेमकं काय बघतो?



वनहक्काच्या सुनावणीत आता एक नवा साक्षीदार उभा राहतो. तो बोलत नाही, त्याला उलटा प्रश्न विचारता येत नाही. टेबलावर लालभडक रंगाचा एक नकाशा पसरतात, त्यावर बोट ठेवतात आणि सांगतात, "हा २००५ चा उपग्रहाचा फोटो. तुमच्या प्लॉटच्या जागी जंगल दिसतंय. दावा बसत नाही." वीस पावसाळे जिथे नागली-वरई पिकवली, तिथे लाल रंग बघून आपला माणूस गप्प होतो. एवढ्या उंचावरून काढलेला फोटो खोटा कसा असेल, असं त्याला वाटतं.

फोटो खोटा नसतो. पण तो आपण समजतो तसा फोटोही नसतो. तो कसा तयार होतो आणि त्याला काय कळतं, काय कळत नाही, हे या अंकात समजून घेऊ. आपल्या पत्रकात रंग छापता येत नाहीत, म्हणून शब्दांतच सांगतो.

उन्हात आपल्याला दिसतो त्याहून जास्त प्रकाश असतो. टीव्हीच्या रिमोटच्या टोकाला बारका दिवा असतो. बटण दाबलं तरी आपल्या डोळ्याला काही दिसत नाही, पण टीव्हीला ते कळतं. तो दिवा जो प्रकाश टाकतो त्याला अवरक्त म्हणतात, म्हणजे लाल रंगाच्या पलीकडचा प्रकाश. सूर्याच्या उन्हात तोही भरपूर असतो. उपग्रह जमिनीवरून परत फिरलेलं ऊन वेगवेगळ्या चाळण्यांतून गाळून मोजतो. एका चाळणीतून हिरवा, दुसरीतून लाल, तिसरीतून जवळचा अवरक्त, चौथीतून त्याच्याही पलीकडचा. या एकेका चाळणीला पट्टा किंवा बँड म्हणतात. २००३ साली सोडलेल्या आपल्या देशाच्या रिसोर्ससॅट-१ या उपग्रहावरच्या लिस-३ कॅमेऱ्याला असे चारच पट्टे होते. २००५ ची जागा बघायला ज्या फोटोंचा आधार घेता येतो, त्यांत हे फोटो महत्त्वाचे आहेत.

आता एकेक वस्तू बघा. हिरवं पान आपलं अन्न करायला लाल प्रकाश खाऊन टाकतो, पण अवरक्त प्रकाश त्याच्या कामाचा नसतो. पानाच्या आतली पेशींची घडण अशी, की तो प्रकाश आत आपटून मोठ्या प्रमाणात परत फिरतो. म्हणून ज्या जागेवरून लाल कमी आणि अवरक्त भरपूर येतो, तिथे हिरवी पानं आहेत असं धरतात. पाण्याचं उलटं. पाणी थोडा हिरवा प्रकाश परत देतं, पण अवरक्त जवळजवळ सगळा गिळतं. त्यामुळे तानसा धरण असो की भिवंडीचा वऱ्हाळदेवी तलाव, अवरक्त पट्ट्यात तो काळाठिक्कर दिसतो. मात्र तलावावर जलपर्णी पसरली, तर उपग्रहाला पाणी दिसत नाही, पानं दिसतात. आणि आषाढात पाण्याने भरलेलं खाचर त्याला तळ्यासारखं दिसतं.

तिसरी वस्तू इमारत. भिवंडीच्या महामार्गालगतच्या गोदामांचे पत्रे, यंत्रमागाच्या शेडची सिमेंटची छपरं, डांबर, काँक्रीट. इथे लाल आणि अवरक्त यांत पानाइतकी तफावत नसते, आणि चौथ्या पट्ट्यातला प्रकाश बऱ्याचदा जास्त येतो, कारण तो प्रकाश गिळणारं पाणी त्यांच्यात नसतं. पण सुक्या मुरमाच्या जमिनीतही पाणी नसतं. त्यामुळे कापणी झालेलं कोरडं वरकस शेत आणि वस्ती यांचे आकडे एकमेकांजवळ येतात. गोदाम ओळखता येतं ते त्याच्या सरळ कडांवरून, आणि बाराही महिने ते तसंच राहतं यावरून. शेत पावसाळ्यात हिरवं होतं, पत्रा होत नाही.

टेबलावरचा तो नकाशा लाल का, हेही आता कळेल. अवरक्त प्रकाश डोळ्याला दिसत नाही, म्हणून नकाशा करणारे त्याच्या जागी लाल रंग भरतात. नकाशात लाल म्हणजे हिरवी पानं. ती पानं सागाची की आंब्याची, राखीव जंगलातली की तुमच्या परसातली, हे तो रंग सांगत नाही.

आता आपल्या दाव्याकडे येऊ. उपग्रहाचा फोटो चौकोनांचा बनलेला असतो. एका चौकोनाचा एकच आकडा, त्याच्या आतलं वेगळं काही दिसत नाही. लिस-३ चा चौकोन साडेतेवीस मीटर लांब आणि तेवढाच रुंद, म्हणजे साधारण साडेपाच गुंठे. अमेरिकेच्या लँडसॅट-५ चा चौकोन तीस मीटरचा, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठे.

समजा, ओहोळाच्या कडेने गेलेला एक प्लॉट आहे. शंभर मीटर लांब, वीस मीटर रुंद. म्हणजे वीस गुंठे, अर्धा एकर. दोन्ही बाजूंना ऐन-सागाचं जंगल. कागदावर हा प्लॉट साडेतीन चौकोनांहून थोडा जास्त भरतो. पण त्याची रुंदी वीस मीटर आणि चौकोन साडेतेवीस मीटरचा. म्हणजे पूर्णपणे शेतात बसेल असा एकही चौकोन या प्लॉटला मिळत नाही. प्रत्येक चौकोनात थोडं शेत आणि थोडं जंगल येणारच.

याचा आकडा काय होतो ते करून बघू. अभ्यासक हिरवाई मोजायला एक सोपा हिशेब करतात, त्याला एनडीव्हीआय म्हणतात. अवरक्तातून लाल वजा करायचा, आणि त्या दोघांच्या बेरजेने भागायचं. समजा, पडलेल्या शंभर भाग प्रकाशातून दाट जंगल लाल ४ भाग आणि अवरक्त ४० भाग परत देतं. वजाबाकी ३६, बेरीज ४४, उत्तर ०.८२. कापणीनंतरचं शेत लाल १८ आणि अवरक्त २६ देतं. वजाबाकी ८, बेरीज ४४, उत्तर ०.१८. दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. आता ज्या चौकोनात निम्मं शेत आणि निम्मं जंगल आहे, तिथून लाल ११ आणि अवरक्त ३३ येईल. वजाबाकी २२, बेरीज ४४, उत्तर ०.५०. हा आकडा ना शेताचा, ना दाट जंगलाचा. पण विरळ जंगलाचा आकडाही एवढाच असू शकतो. नकाशा करणारा कचेरीत बसून या चौकोनाला 'विरळ जंगल' म्हणतो आणि अर्धा एकर शेत नकाशातून गायब होतं. कोणी लबाडी केलेली नसते. चौकोन शेतापेक्षा मोठा होता, एवढंच.

शेतात राखलेले मोह-आंबे असले, तर हेच मोठ्या प्लॉटमध्येही होतं. त्यात मोजणीची चूक मिसळते. हातातलं जीपीएस यंत्र झाडाखाली पाच-दहा मीटर सहज सरकतं. वीस मीटर रुंदीची पट्टी दहा मीटर सरकली, तर अर्धा प्लॉट नकाशावर जंगलात गेला.

आणखी एक प्रश्न महिन्याचा. पावसाळ्यात ढग असतात, आणि उघडीप मिळाली तरी शेत आणि रान दोन्ही हिरवं. चैत्रात साग-पळस उघडे पडतात, तेव्हा दोन्ही सुकं. फरक उठून दिसतो तो दिवाळीनंतर, जेव्हा भात-नागली कापून झालेली असते आणि झाडांवर पानं असतात. म्हणून डेहराडूनचं भारतीय वन सर्वेक्षण आपल्या पाहणीला ऑक्टोबर ते डिसेंबरचे फोटो घेतं. कायद्यातली तारीख १३ डिसेंबर २००५ आहे, ती याच हंगामातली. पण त्या सर्वेक्षणाच्या नकाशात एक हेक्टरपेक्षा मोठ्या आणि दहा टक्क्यांहून जास्त झाडछाया असलेल्या कुठल्याही जागेला वनाच्छादन म्हणतात, मग जमीन कोणाचीही असो आणि तिचा वापर काहीही असो. आमराईही त्यात मोजली जाते. तो नकाशा झाडं किती हे सांगायला केलेला आहे, कसतं कोण हे सांगायला नाही.

फोटो आपल्या बाजूनेही बोलू शकतो. एकाच वर्षातले दोन फोटो मागा, एक पावसाळा सरतानाचा आणि एक डिसेंबरचा. पहिल्यात हिरवी आणि दुसऱ्यात उघडी झालेली जागा जंगल नसते. मात्र गवताचा माळही असाच सुकतो. गवत आणि भाताचं धसकट यांतला फरक असल्या फोटोत खात्रीने सांगता येत नाही. तिथे बांध बोलतात, राबाची जागा बोलते, म्हातारी माणसं बोलतात.

कायद्यानेही हेच धरलं आहे. २००८ च्या नियमांतला नियम १३ पुराव्यांची यादी देतो. त्यात उपग्रहाचा फोटो आहे, तसेच घर-झोपडी, सपाटीकरण, बांध-बंधारे आणि वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही आहे. २०१२ च्या सुधारणेने नियम १२-अ मध्ये स्पष्ट लिहिलं, की उपग्रहाचा फोटो इतर पुराव्यांना पूरक ठरू शकतो, त्यांची जागा घेऊ शकत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी नकाशावर बोट ठेवलं, की वनहक्क समितीने हे चार प्रश्न लेखी विचारावेत. फोटो कोणत्या तारखेचा? कोणत्या उपग्रहाचा, आणि चौकोन किती मीटरचा? आमच्या प्लॉटची हद्द त्यावर कोणी आणि कशाने बसवली? आणि जागेवर येऊन कोणी बघितलं का? आजच्या नव्या उपग्रहाचा चौकोन दहा मीटरचा, म्हणजे एका गुंठ्याचा असतो, फोटोही स्वच्छ असतो. पण तो उपग्रह २०१५ साली आभाळात गेला. २००५ ची साक्ष तो देऊ शकत नाही.

उत्तरं मिळाली नाहीत, तर तेही ग्रामसभेच्या ठरावात नोंदवा. दावा नामंजूर केला, तर कारण लेखी घ्या. उपविभागीय समितीच्या निर्णयावर जिल्हा समितीकडे जायला साठ दिवस असतात. अर्जाला पंचनामा, बांधांची मापं आणि जबाब जोडा, आणि सोबत एक साधा नकाशा काढा. त्यात प्लॉटची रुंदी मीटरमध्ये लिहा आणि शेजारी उपग्रहाच्या चौकोनाचं माप लिहा. दोन आकडे शेजारी ठेवले, की साक्षीदाराची नजर किती ते समितीला आपोआप दिसेल.

जिंदाबाद!