श्रमशक्तीत आल्या, पण मजुरी हातात आली का?

‘स्त्रिया आणि रोजगार’ या परिसंवादात प्रत्येक वक्त्याला सुरुवातीच्या मांडणीसाठी दोन मिनिटे होती. तेवढ्या वेळात एकच मुद्दा धड मांडता येतो, म्हणून मी सध्या सर्वत्र ऐकू येणारा आकडा घेतला. मांडणी अशी होती :

“सर्वांना सप्रेम जय भीम. केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार १५ वर्षे व त्यावरील वयाच्या स्त्रियांपैकी २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के श्रमशक्तीत होत्या. २०२३-२४ मध्ये हे प्रमाण ४१.७ टक्के झाले. यात काम शोधणाऱ्याही आल्या. हा आकडा खोटा नाही, पण तो उघडून पाहायला हवा.

शंभर बायका डोळ्यांपुढे आणा. २०१७-१८ मध्ये त्यांतल्या २२ प्रत्यक्ष काम करत होत्या, २०२३-२४ मध्ये ४०. म्हणजे १८ वाढल्या. त्या गेल्या कुठे? सर्वेक्षणातल्याच टक्केवारीवरून हिशेब केला, तर साधारण आठ जणी घरच्या शेतात किंवा धंद्यात बिनमजुरीच्या मदतनीस झाल्या. आणखी आठ जणींनी स्वतःचे छोटेमोठे काम धरले. नियमित पगाराच्या कामात जेमतेम दोन वाढल्या. उरलेली किरकोळ वाढ रोजंदारीतली.

पगारी बायका कमी झाल्या, असे मी म्हणत नाही. त्या थोड्या वाढल्याच. पण वाढीचा मोठा भाग तिथे आहे, जिथे मालक नाही, हजेरी नाही आणि बऱ्याचदा मजुरीही नाही. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभ विधेयकाला पाठिंबा दिला, तेव्हा त्याचा भार मालकानेही उचलावा, अशी भूमिका घेतली. जिथे मालकच नाही, तिथे हा हक्क कोणाकडे मागायचा? आज याच प्रश्नावर बोलूया.”

दोन मिनिटे इथे संपली. हा आकडा तयार कसा होतो, ते सांगायचे राहिले.

सर्वेक्षक घरी येतो आणि प्रत्येक माणसाच्या कामाला एक सांकेतिक क्रमांक देतो. घरच्या धंद्यात बिनमजुरी मदत करणारी व्यक्ती २१. नियमित पगारी ३१. फक्त घरकाम करणारी ९२. घरकामाबरोबर सरपण, चारा गोळा करणारी किंवा घरच्यासाठी शिवणटिपण करणारी ९३. यांतले २१ आणि ३१ कामगार म्हणून मोजले जातात, ९२ आणि ९३ नाहीत.

आता एक उदाहरण कल्पून पाहू. नवऱ्याची वडापावची गाडी आहे. बायको पहाटे बटाटे उकडते, सोलते, चटणी वाटते आणि मग दिवसभर घरचे बघते. नवऱ्याने दारातच सांगितले, “ती घरीच असते,” तर क्रमांक ९२. सर्वेक्षकाने चिकाटीने विचारले, “गाडीचे सामान कोण तयार करते?” तर घरकाम हे मुख्य काम राहूनही २१ हा दुय्यम क्रमांक लागतो. वर्षात ३० दिवस असे काम केले असले तरी पुरते. बाई तीच, बटाटे तेच, हातात आलेला पैसा शून्य. फक्त ती रकान्यातून रकान्यात गेली. ती मोजली गेली हे बरेच झाले, कारण ते काम खरेच आहे. पण त्याला रोजगारनिर्मिती म्हणायचे का, हा वेगळा प्रश्न.

हीच बाई उद्या चार घरची धुणीभांडी करू लागली, तर दरमहा पैसे मिळतात म्हणून साधारणपणे ३१ मध्ये जाईल. एकूण आकड्यात काहीच फरक नाही, आधीही एक आणि आताही एक. तिच्या घरात मात्र बराच फरक पडतो, कारण गॅस सिलिंडरचे पैसे आता तिच्याकडे असतात. तरीही कायद्यातली २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तो कायदा आस्थापनांसाठी आहे, चार घरच्या चार मालकिणींसाठी नाही. म्हणून ‘नियमित पगारी’ हा शब्दही सावधपणे वाचावा लागतो.

आणखी एक सावधगिरी. एप्रिल २०२५ पासून याच सर्वेक्षणाचे मासिक आकडे येतात. ते मागच्या सात दिवसांवर बेतलेले असतात, वर ज्यांचा हिशेब केला ते संपूर्ण वर्षावर. दोन्ही शेजारी ठेवून ‘वाढले’ किंवा ‘घटले’ अशी पोस्ट फिरवली जाते. ती चूक आहे, मग ती आपल्या बाजूची असो वा समोरच्यांची.

वस्तीत पाहणी करणाऱ्या मुलामुलींनी “काम करता का?” असे विचारून थांबू नये. प्रश्न बाईलाच विचारावेत आणि शक्य तर घरातल्या पुरुषांसमोर नको : काल सकाळपासून काय काय केले, त्यातले काय विकले गेले, पैसे कोणी घेतले, आणि गेल्या महिन्यात तुमच्या स्वतःच्या हातात किती आले.